नवीन केबलवर फोन सावकाश चार्ज होतो आणि जुनीवर भरभर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्जर तोच, फोन तोच, भिंतीतला सॉकेटही तोच. बदलली ती फक्त केबल, आणि रात्री लावलेला फोन सकाळी अर्धाच भरलेला मिळतो. अशा वेळी लोक आधी बॅटरीला दोष देतात, मग फोनला, आणि काही जण तर नवीन बॅटरीही टाकून घेतात. म्हणून केबलपासून सुरुवात करणारी ही प्रश्नोत्तरं.

नवीन केबल जुनीपेक्षा हळू असूच कशी शकते? शेवटी तारच ना ती?

केबलला दोन कामं असतात. एक म्हणजे करंट वाहून नेणं. दुसरं म्हणजे चार्जर आणि फोन यांच्यात जी बोलणी होतात ती पोहोचवणं. तुम्ही पिन लावता त्या क्षणी फोन विचारतो, समोर कोण आहे आणि किती देऊ शकतो? उत्तर नीट आलं तर फोन जास्त करंट ओढतो. उत्तर आलंच नाही, किंवा अर्धवट आलं, तर तो सावध होतो आणि थोडंच घेतो.

किती घ्यायचं हे ठरवतो फोन. चार्जर करंट फोनमध्ये ढकलत नाही. त्यामुळे केबल यातल्या कुठल्याही एका कामात कमी पडली की फोन आपणहून वेग कमी करतो, कुठलाही इशारा न देता. स्क्रीनवर विजेचं चिन्ह दिसतं, टक्के वाढतही असतात, फक्त सावकाश. केबल जुनी की नवी याचा त्याच्याशी संबंध नाही. फोनच्या खोक्यात आलेली केबल त्याच चार्जरसाठी बनवलेली असते. बाहेरून घेतलेली केबल मात्र बहुतेक वेळा किमतीकडे बघून बनवलेली असते.

तार पातळ असली तर नेमकं काय होतं?

हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून आकडे घालून बघू.

समजा तुमच्याकडे साधा १० वॅटचा चार्जर आहे, म्हणजे ५ व्होल्ट आणि २ अँपिअर. जुनी केबल एक मीटरची, आत वीज नेणाऱ्या तारा २४ गेजच्या. गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी तार जाड. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८ ओहम असतो. करंट जातो एका तारेने आणि परत येतो दुसऱ्या तारेने, म्हणून एक मीटरची केबल म्हणजे दोन मीटर तार. ०.१७ ओहम झाले. दोन्ही टोकांच्या पिनांचा थोडा धरला की एकूण ०.२२. आता शाळेतला ओहमचा नियम लावा. २ अँपिअर गुणिले ०.२२ ओहम म्हणजे ०.४४ व्होल्ट वाटेत पडले. फोनपाशी पोहोचले साधारण ४.५६ व्होल्ट, २ अँपिअरने, म्हणजे ९ वॅटच्या आसपास. चांगलं चाललंय.

नवीन केबल दोन मीटरची आहे. पलंगावर पडून फोन बघता यावा म्हणून मुद्दाम लांब घेतलेली, वरून छान विणलेलं कापडी आवरण, पण आतल्या तारा २८ गेजच्या. या तारेचा रोध मीटरला ०.२१ ओहम. जाऊन-येऊन चार मीटर तार, म्हणजे ०.८५, आणि पिना धरून ०.९ ओहम. इथून २ अँपिअर न्यायचे तर १.८ व्होल्ट वाटेतच जातील आणि फोनला ३.२ व्होल्ट मिळतील. लिथियम बॅटरीचं स्वतःचं व्होल्टेजच भरताना बहुतेक वेळ ३.७ ते ४.४ च्या दरम्यान असतं. ३.२ व्होल्टवर ती भरणार कशी?

फोनमधल्या चार्जिंग आयसीला, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपला, हे कळतं. आत येणारं व्होल्टेज एका पातळीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, अशी तिची रचना असते. ही पातळी फोनगणिक थोडी बदलते, पण ४.५ व्होल्टच्या आगेमागे असते. व्होल्टेज तिथपर्यंत घसरलं की आयसी करंट कमी करते आणि घसरण थांबेल तिथे स्थिरावते. आपल्या उदाहरणात अर्ध्या व्होल्टचीच मुभा आहे, म्हणजे ०.५ भागिले ०.९, जेमतेम ०.५५ अँपिअर. फोनला मिळाले अडीच वॅट.

एकीकडे नऊ वॅट, दुसरीकडे अडीच. आताच्या फोनमधली ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. आतलं नुकसान धरलं तर जुन्या केबलवर ती अडीच-तीन तासांत भरते आणि नवीनवर आठ तासांच्या वर जातात. त्यात तुम्ही गाडीत मॅप लावून, स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून फोन चार्जिंगला लावला असेल, तर फोन स्वतःच दोन वॅट किंवा जास्त खातो. चार्जिंगचं चिन्ह असूनही टक्के जागचे हलत नाहीत, कधी उलट उतरतात, ते यामुळे.

पण केबलच्या खोक्यावर तर "फास्ट चार्जिंग ३ अँपिअर" असं छापलंय!

सुट्या विकल्या जाणाऱ्या स्वस्त केबलवर काय छापायचं हे बनवणाराच ठरवतो. आणि तो आकडा खरा असला तरी त्याचा अर्थ एवढाच, की इतका करंट गेला तर केबल जळणार नाही. इतका करंट जाईलच असं वचन त्यात नाही. "६५ वॅट", "१२० वॅट" या छापांचंही तेच. वॅट ठरतात चार्जर, केबल आणि फोन या तिघांच्या सहमतीने. तिघांत जो सर्वांत कमी, त्याचा वेग सगळ्यांना मिळतो.

आवरणावरूनही फसू नका. जाड, रबरी किंवा कापडी आवरणाखाली केसासारख्या तारा असू शकतात. काही केबलींत तर निव्वळ तांबं नसतं, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या साधारण १.६ पट, म्हणजे त्याच जाडीच्या तारेत घसरण तेवढी वाढली. असा माल बाहेरून ओळखता येत नाही, तो मोजल्यावरच उघडा पडतो.

आतल्या तारेची जाडी बाहेरून कशी ओळखायची?

बऱ्यापैकी केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. दिवसाच्या उजेडात केबल तिरकी धरली की दिसते. ती साधारण अशी असते:

```
28AWG/1P 24AWG/2C
```

पहिला भाग डेटाच्या तारांचा: २८ गेजची एक जोडी. दुसरा भाग वीज नेणाऱ्या तारांचा: २४ गेजच्या दोन तारा. चार्जिंगसाठी हा दुसरा भाग बघायचा. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पहिल्यांदा बघणारे हमखास उलटं समजतात. दुसऱ्या भागात २४, २२ किंवा २० असेल तर उत्तम. तिथेही २८ असेल तर एक मीटरच्या पुढे ती केबल वेगाने चार्जिंग करण्याच्या कामाची नाही.

काहीच छापलेलं नसेल तर? त्यावरून केबल वाईटच असा निष्कर्ष काढू नका. कंपनीच्या मूळ केबलींवरही कित्येकदा काही नसतं. मग पुढे दिलेली चाचणी करा.

मला लांब केबलच हवी आहे. मग काय करू?

लांबी दुप्पट झाली की रोधही दुप्पट होतो. तो परत खाली आणायचा तर तार जाड हवी. गेजचा आकडा तीनने खाली आला की तारेचा रोध जवळपास निम्मा होतो. म्हणजे एक मीटरला २४ गेज पुरत असेल तर दोन मीटरला २१-२२ गेज बघा. अशी केबल थोडी कडक आणि जड लागते, ते चालवून घ्यावं लागतं. मऊ, हलकी, लांब, स्वस्त आणि वेगवान अशी केबल मिळत नाही.

आणखी एक मार्ग आहे, आणि माझ्या मते तोच जास्त चांगला: ९ व्होल्टवर चालणारा चार्जर वापरा. तीच पातळ दोन मीटरची केबल ९ व्होल्टवर २ अँपिअर नेत असेल तर १.८ व्होल्ट पडूनही फोनपाशी ७.२ उरतात. तेवढ्यात फोनचं काम भागतं. म्हणून एकच केबल जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर रडते आणि १८ वॅटच्या चार्जरवर बरी चालते. अर्थात पडलेले १.८ व्होल्ट उष्णता होऊन केबलमध्येच राहतात, साडेतीन वॅटच्या आसपास, त्यामुळे केबल कोमट लागेल.

केबल चांगली जाड आहे, तरी हळूच. आता कारण काय?

मग दुसऱ्या कामाकडे वळा, म्हणजे बोलण्यांकडे.

चपट्या चौकोनी पिनेच्या, म्हणजे यूएसबी-ए चार्जरच्या केबलमध्ये किमान चार तारा लागतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. भिंतीतला चार्जर फोनला डेटा कुठला देणार, असं वाटतं, पण ओळख त्याच तारांवरून पटते. साध्या चार्जरच्या आत डेटाच्या दोन पिना एकमेकींना जोडलेल्या असतात. फोन ते तपासतो आणि समजतो की समोर चार्जर आहे, दीड अँपिअरपर्यंत घ्यायला हरकत नाही. क्वालकॉमची क्विक चार्ज ही वेगवान चार्जिंगची पद्धत त्याच्या पुढे जाते. फोन त्याच दोन तारांवर ठराविक व्होल्टेज ठेवून चार्जरकडे ९ व्होल्ट मागतो.

आता बाजारात काही केबलींमध्ये या डेटाच्या तारा नसतातच. फॅन, ट्रिमर, हेडफोन, छोटे दिवे यांच्यासोबत येणाऱ्या केबली बऱ्याचदा अशा असतात, आणि घरात त्या सगळ्या एकाच खणात जाऊन पडतात. अशी केबल लावली की फोनला समोर कोण आहे हे कळत नाही. तो सर्वांत सावध आकडा धरतो, ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, कारण संगणकाच्या जुन्या यूएसबी पोर्टची मर्यादा तेवढीच होती. काही केबलींत बनवणाऱ्याने डेटाच्या पिना फोनकडच्या टोकालाच जोडून टाकलेल्या असतात. तिथे दीड अँपिअर मिळतं, पण ९ व्होल्टची मागणी चार्जरपर्यंत पोहोचत नाही.

याची तपासणी अगदी सोपी. केबलने फोन संगणकाला जोडा. फोनवर फाइल पाठवायची का असा पर्याय आला तर डेटाच्या तारा शाबूत आहेत. फोन नुसताच चार्ज व्हायला लागला आणि संगणकाला तो दिसलाच नाही, तर कारण सापडलं.

चार्जर फोनच्या कंपनीचा आहे, केबल चांगल्या नावाची आहे, डेटाही जातो. तरी "फास्ट" येत नाही.

ओप्पो, वनप्लस आणि रिअलमीच्या फोनवाल्यांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. त्यांच्या चार्जिंगचं मूळ ओप्पोच्या २०१४ सालच्या व्हूक पद्धतीत आहे. बाकीचे व्होल्टेज वाढवत होते तेव्हा यांनी व्होल्टेज ५ च्या आसपास ठेवून करंट वाढवला, ४ अँपिअरपर्यंत. फोन त्यामुळे कमी तापतो, पण वरच्या हिशेबात ४ अँपिअर घालून बघा. त्या पातळ दोन मीटरच्या केबलमध्ये साडेतीन व्होल्ट वाटेतच जातील. म्हणून या कंपन्यांनी आपल्या केबलमध्ये जाड तारा घातल्या आणि ती केबल आपलीच आहे हे ओळखण्याची सोयही ठेवली. ओळख पटली नाही तर फोन साध्या ५ व्होल्ट, २ अँपिअरवर येतो. शाओमी आणि विवोच्या मोठ्या वॅटच्या चार्जरचंही असंच आहे.

जुनी मूळ केबल आणि नवीन बाहेरची केबल शेजारी धरा आणि चपट्या पिनेच्या तोंडात डोकावून बघा. साध्या पिनेत चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कंपनीच्या केबलमध्ये पुष्कळदा एखादी जास्तीची पट्टी असते किंवा पट्ट्या रुंद असतात, आणि आतलं प्लॅस्टिक रंगीत असतं. निव्वळ रंगावर मात्र विसंबू नका. आतलं प्लॅस्टिक नारिंगी किंवा हिरवं करणं सगळ्यांनाच जमतं.

अशा चार्जरसोबत त्याच कंपनीची केबल घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीनशे रुपये जास्त जातील, पण त्याशिवाय त्या महागड्या चार्जरचा उपयोग निम्माही होत नाही.

जुनी केबल ए-ते-सी, म्हणजे एका टोकाला यूएसबी-ए आणि दुसऱ्याला टाइप-सी, अशी होती. नवीन दोन्ही बाजूंना सी आहे. तीच हळू चालते, हे उलटं नाही का?

उलटं वाटतं खरं. पण केबल बदलली तेव्हा तुम्ही चार्जरचं भोकही बदललंत, कारण सी पिन ए पोर्टमध्ये जाणार नाही. पुष्कळ चार्जरवर दोन पोर्ट असतात आणि दोघांची ताकद वेगळी असते. चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. प्रत्येक पोर्टपुढे कुठल्या व्होल्टला किती अँपिअर ते लिहिलेलं असतं. सी पोर्टपुढे फक्त ५ व्होल्ट लिहिलं असेल, तर तिथे वेग येणारच नाही. दोन्ही पोर्ट एकाच वेळी वापरात असतील तर वाटणी होते, तेही तिथेच छापलेलं असतं.

दुसरी शक्यता बोलण्यांच्या भाषेची. सी-ते-सी केबलवर बोलणी यूएसबी पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, या पद्धतीने होतात, आणि त्यासाठी सी पिनेत सीसी नावाची वेगळी तार असते. ए पिनेत ती नसते, तिथे क्विक चार्ज किंवा कंपनीच्या स्वतःच्या पद्धती चालतात. तुमचा फोन एकच भाषा नीट जाणत असेल, तर केबल बदलली की भाषाही बदलते. आयफोन १५ आणि पुढच्यांचं नेमकं उलट होतं. त्यांना पीडी हवं असतं, म्हणून सी-ते-सी केबलवर ते वेगाने भरतात आणि ए-ते-सी केबलवर १०-१२ वॅटच्या आसपास राहतात. जुनी केबल सी-ते-सी होती आणि नवीन ए-ते-सी घेतली असेल, तर आयफोनवाल्यांनी पुढे काही तपासायची गरज नाही.

केबलवर ६० वॅट लिहिलंय, माझा सॅमसंग ४५ वॅटचा. तरी पूर्ण वेग का नाही?

कारण वॅट हा गुणाकार आहे. ६० वॅटची सी-ते-सी केबल म्हणजे २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर. तिची करंटची मर्यादा ३ अँपिअर. सॅमसंगचे ४५ वॅटवाले फोन, उदाहरणार्थ एस२२ अल्ट्रा किंवा एस२४ अल्ट्रा, २० व्होल्ट घेत नाहीत. ते साधारण १० व्होल्ट आणि ४ अँपिअरच्या वर मागतात. ३ च्या वर करंट देण्याआधी चार्जर केबललाच विचारतो, तू ५ अँपिअरची आहेस का? ५ अँपिअरच्या केबलमध्ये पिनेच्या आत एक छोटी चिप असते, ई-मार्कर. तीच उत्तर देते. चिप नसली की चार्जर ३ अँपिअरच्या वर जात नाही आणि फोन २५ वॅटवर समाधान मानतो.

फोनच्या स्क्रीनवर फरक दिसतो. ४५ वॅटवर `Super fast charging 2.0` असं येतं, २५ वर नुसतं `Super fast charging`. सॅमसंगच्या ४५ वॅटच्या चार्जरसोबत ५ अँपिअरची केबल येते, ती हरवली आणि बाहेरून ६० वॅटची आणली की हा प्रकार होतो. केबल खराब नाही. तुम्हाला १०० किंवा २४० वॅटची, म्हणजे ५ अँपिअरची केबल हवी होती.

केबलचाच दोष आहे याची घरच्या घरी खात्री कशी करायची?

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार्जर तोच, त्याचा पोर्टही तोच. बॅटरी २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असू द्या. ८० च्या पुढे प्रत्येक फोन मुद्दाम हळू होतो, आणि सकाळी २० टक्क्यांवर जुनी केबल, संध्याकाळी ८५ वर नवीन केबल अशी तुलना केली तर चांगली केबलही वाईट ठरेल. फोन गरम नको, उन्हातून किंवा गेम खेळून आलेला नको. विमान मोड लावा, स्क्रीन बंद करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. किती टक्के वाढले ते लिहा. मग केबल बदलून पुन्हा पंधरा मिनिटं.

आपल्या वरच्या उदाहरणात जुन्या केबलवर पंधरा मिनिटांत साधारण ११ टक्के वाढतील आणि नवीनवर ३. एवढा फरक असेल तर शंकेला जागाच उरत नाही. एक-दोन टक्क्यांचा फरक सोडून द्या.

मग नवीन केबल दुसऱ्या फोनला लावून बघा. तिथेही हळू असेल तर केबल. तिथे झटपट असेल तर तुमच्या फोनचा जॅक बघा, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

मीटर किंवा ॲपने मोजता येतं का?

येतं, आणि मीटर जास्त विश्वासाचा. यूएसबी मीटर चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावला की व्होल्ट आणि अँपिअर थेट दिसतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतो. मीटरवर ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअरच दिसत असेल तर बोलणी फिसकटली किंवा तार पातळ आहे. दोघांतलं कुठलं? ९ व्होल्टचा चार्जर लावा. मीटर ९ व्होल्ट दाखवू लागला तर बोलणी झाली. ५ वरच अडकला तर डेटाची किंवा सीसीची तार शोधा. अर्थात तो चार्जर तुमच्या फोनच्या भाषेतला हवा.

बॅटरीचा करंट दाखवणारी ॲप मिळतात. ती फोनने आतून दिलेला आकडा दाखवतात आणि तो प्रत्येक फोनवर बरोबर असतोच असं नाही. दोन केबलींची तुलना करायला मात्र ती पुरतात. संगणकाशी सलगी असेल तर अँड्रॉइडवर वायरलेस डिबगिंग चालू करून ही आज्ञा द्या. फोन त्या वेळी चार्जरला लावलेला असू द्या:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात `Max charging current` आणि `Max charging voltage` या ओळी बघा. आकडे मायक्रो एककात असतात, म्हणजे ५०००००० म्हणजे ५ व्होल्ट. हे कमाल ठरलेले आकडे आहेत, प्रत्यक्ष वाहणारा करंट नव्हे. म्हणजे बोलणी काय झाली ते इथे कळतं, तारेतली घसरण कळत नाही.

नवीन केबल उलटी करून लावली की वेग बदलतो. हे काय?

टाइप-सी दोन्ही बाजूंनी सारखी चालायला हवी. उलटवल्यावर फरक पडत असेल तर कुठलीतरी एक पिन नीट टेकत नाही. बहुतेक वेळा दोष फोनच्या जॅकमध्ये असतो: खिशातले धागे, पीठ, धूळ दाबून दाबून आत घट्ट थर झालेला असतो. जुनी केबल त्या जागेत रुळलेली असते, नवीनची पिन पूर्ण आत जात नाही आणि बाहेर किंचित फट दिसते. फोन बंद करा, लाकडी दातकोरणीने तळाचा थर हलक्या हाताने उकरून काढा. जॅकच्या मधल्या पातळ जिभेला धक्का लावू नका. सुई किंवा टाचणी अजिबात वापरू नका. तिने पिना वाकतात आणि मग जॅकच बदलावा लागतो.

हळू चार्जिंगने फोन बिघडतो का?

नाही. कमी करंटने बॅटरी कमी तापते, तिला ते सोसतं. रात्रभर लावायचाच असेल तर हळू केबल चालेल. धोका आहे तो उष्णतेचा. केबल मध्यभागी कोमट लागणं वेगळं आणि पिनेपाशी चटका बसणं वेगळं. पिनेपाशी चटका म्हणजे तिथला सांधा सैल आहे. प्लॅस्टिक पिवळं-काळं पडलं असेल, जळका वास येत असेल, तर ती केबल त्याच दिवशी कापून टाका, म्हणजे घरात दुसरं कोणी ती उचलून वापरणार नाही.

म्हणजे जुनी वेगवान केबल नेहमीच बरोबर असते?

नाही, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. ए-ते-सी केबलच्या सी टोकात एक छोटा रेझिस्टर असतो, ५६ किलोओहमचा. समोर साधा यूएसबी पोर्ट आहे, बेताने घे, असं तो फोनला सांगतो. टाइप-सी नवीन होतं तेव्हा बऱ्याच केबलींत तिथे १० किलोओहमचा बसवलेला होता. त्याचा अर्थ, ३ अँपिअर खुशाल घे. फोन तसे घेतो, पण पलीकडचा चार्जर किंवा लॅपटॉपचा पोर्ट तेवढं द्यायला बनलेलाच नसतो. गुगलचे अभियंते बेन्सन लुंग यांनी २०१५ मध्ये अशा केबली एकेक करून तपासल्या आणि त्यांचे निष्कर्ष खरेदीच्या साइटवर सर्वांसाठी लिहिले. त्यातली एखादी जुनी केबल तुमच्याकडे असेल, तर ती वेगवान आहे ती चुकीची ओळख सांगून. जुनी ए-ते-सी केबल लावल्यावर चार्जर वा लॅपटॉपचा पोर्ट नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर तिचा वेग सोडून द्या.

दुकानात गेल्यावर नेमकं काय मागू?

"फास्टवाली केबल द्या" म्हणू नका. आधी चार्जरची पाठ वाचून जा. सी-ते-सी हवी असेल तर ३ अँपिअर, ६० वॅट की ५ अँपिअर, १०० किंवा २४० वॅट ते सांगा. ए-ते-सी हवी असेल तर चार्जरच्या कंपनीची केबल मागा, किंवा वीज नेणाऱ्या तारांचं गेज छापलेली. लांबी गरजेपुरती, शक्यतो एक मीटर. चार्जर सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा, फोनवर फास्ट चार्जिंगचा संदेश येतो का ते. तेवढ्याने बोलणी होतात की नाही हे कळेल. तारेची खरी परीक्षा घरी पंधरा मिनिटांच्या चाचणीत होईल, म्हणून बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारा.

जुनी केबल अजून किती चालवावी?

पिनेच्या मानेपाशी आवरण फाटून आतली तार दिसेपर्यंत थांबू नका. केबल मानेपाशी हलवल्यावर चार्जिंगचं चिन्ह जातं-येतं, किंवा पंधरा मिनिटांत पूर्वी ११ टक्के भरणारा फोन आता सहावर आला, तर आतले काही धागे तुटलेले आहेत. उरलेल्या थोड्या धाग्यांतून सगळा करंट जातो आणि ती जागा तापते. चिकटपट्टी गुंडाळून बाहेरचं आवरण सांधता येतं, आतलं तांबं नाही. तिची जागा घेणारी केबल निवडताना मात्र जुनीवर छापलेली ती ओळ आणि तिचा पंधरा मिनिटांचा आकडा आधी टिपून ठेवा.